फिरका कोणाला म्हणावे?

कोकणातील शाफई बांधव रुकूला जाताना हात उचलतात, हनफी उचलत नाहीत. मग हे दोन फिरके झाले काय?

इमाम शहरस्तानी (रह.) यांनी इ. स. ११२७ च्या सुमारास लिहिलेल्या ‘अल्-मिलल वन्-निहल’ या ग्रंथात याची कसोटी दिली आहे. एखाद्या मसल्यात निराळे मत मांडणारा प्रत्येक जण फिरक्याचा प्रवर्तक मानला, तर फिरक्यांची गणती कधीच संपणार नाही. अल्लाहची एकता व गुण, तकदीर व न्याय, ईमान व पापाचा निवाडा, नुबुव्वत व इमामत अशा चार मूलतत्त्वांतील मतभेदानेच फिरका वेगळा होतो. हात उचलणे यांत बसत नाही. तो फिकहचा मतभेद आहे.

स्टार्क व बेनब्रिज या आधुनिक समाजशास्त्रज्ञांनी जुन्या धर्मातून फुटलेल्या गटाला ‘सेक्ट’, तर नवीच श्रद्धा घेऊन आलेल्या गटाला ‘कल्ट’ म्हटले. परंतु फुटलेला गट स्वतःलाच मूळ धर्म समजतो, आणि ‘कल्ट’ हा शब्द तर आता शिवीच झाला आहे. म्हणून अनेक अभ्यासक ‘नवी धार्मिक चळवळ’ असे म्हणतात.

नाव बहुधा बाहेरचे लोक देतात. यास्तव शहरस्तानींनी प्रत्येक फिरक्याचे मत त्याच्याच ग्रंथांतून, पक्षपात न करता मांडण्याची अट स्वतःवर घातली होती.