मेट्रोत काय न्यावे आणि तपासणीतून कसे जावे



दिल्ली मेट्रोच्या स्थानकात शिरणाऱ्या प्रत्येक प्रवाशाची आणि त्याच्या सामानाची तपासणी होते. हे काम २००७ पासून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, म्हणजे सीआयएसएफ, पाहते. तिकीट असो वा कार्ड, तपासणी झाल्याशिवाय स्वयंचलित फाटकापर्यंत पोहोचता येत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये थेट फलाटावर जाऊन गाडीत चढण्याची सवय असलेल्या माणसाला हा टप्पा नवा असतो. त्यामुळे पहिल्या प्रवासाची तयारी स्थानकावर नव्हे, घरी सामान भरतानाच करावी लागते.

आधी सामानाचा आकार पाहावा. मेट्रो ही माल नेणारी गाडी नाही. कायद्याने प्रवाशाला फक्त वापराच्या वस्तूंचे लहान सामान नेता येते. दिल्लीत एका प्रवाशाला एक बॅग, ८० × ५० × ३० सेंटिमीटरपर्यंत आणि २५ किलोपर्यंत, अशी मर्यादा आहे. विमानतळाच्या मार्गावर ती थोडी सैल आहे. चादरीत बांधलेले गाठोडे किंवा सुतळीने आवळलेला बोजा या सवलतीत बसत नाही, वजन कमी असले तरी. त्यामागे व्यावहारिक कारण आहे. असे सामान क्ष-किरण यंत्राच्या पट्ट्यावर नीट जात नाही, आणि गर्दीच्या डब्यात दारात अडकते.

मनाई असलेल्या वस्तूंची यादी लांब आहे, पण तिच्यामागचे तत्त्व कळले की ती पाठ करावी लागत नाही. जमिनीखालच्या बोगद्यात, बंद डब्यात, शेकडो माणसांमध्ये जे पेटू शकते, फुटू शकते, भाजू शकते किंवा ज्याने वार करता येतो, ते नेता येत नाही. पेट्रोल, रॉकेल, रंगात घालायचा थिनर, स्वयंपाकाच्या गॅसचा लहान सिलिंडर, फटाके आणि ॲसिड या सगळ्या वस्तू त्यात आल्या. यातली एखादी वस्तू नेणे हा मेट्रो रेल्वेच्या २००२ च्या कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्याला कैदेची शिक्षा होऊ शकते. खोली बदलताना पाच किलोचा सिलिंडर पिशवीत घालून निघणारे विद्यार्थी अडतात ते इथेच. सिलिंडर रिकामा आहे असे सांगून भागत नाही, कारण रिकाम्या म्हटलेल्या सिलिंडरातही गॅस उरलेला असतो. दुर्गंधी सुटणाऱ्या, कुजलेल्या वस्तू आणि पाळीव प्राणी यांनाही मेट्रोत जागा नाही.

धारदार वस्तूंबाबत घोटाळा जास्त होतो, कारण त्या घरगुती असतात. मोठी सुरी, कोयता आणि विळी या स्वयंपाकघरातल्या वस्तू असल्या तरी तपासणीत त्यांच्याकडे पाते म्हणूनच पाहिले जाते. पेचकस, पाना, पक्कड अशी सात इंचांपेक्षा लांब हत्यारेही अडवली जातात. लहान कात्री किंवा नखे कापायचे यंत्र यांवरून सहसा अडचण येत नाही, पण शेवटचा निर्णय तिथे उभ्या असलेल्या जवानाचा असतो.

दारूबद्दल लोकांच्या मनात अर्धवट माहिती असते. ३० जून २०२३ रोजी दिल्ली मेट्रोने माणशी दोन सीलबंद बाटल्या नेण्यास परवानगी दिली. पण मेट्रोच्या आवारात पिण्याला मनाईच आहे, आणि गाडी उत्तर प्रदेशात किंवा हरियाणात गेली की त्या राज्याचा उत्पादनशुल्काचा नियम लागू होतो. तिथे दोन बाटल्यांची सवलत दाखवून सुटका होत नाही.

आता तपासणीचा क्रम. रांगा दोन असतात, पुरुषांची वेगळी आणि स्त्रियांची वेगळी. बॅग क्ष-किरण यंत्राच्या पट्ट्यावर आडवी ठेवायची, पट्टे आत खोचून, म्हणजे ते पट्ट्याच्या कडेला अडकत नाहीत. माणूस धातुशोधक चौकटीतून जातो. पुढे जवान हातातल्या यंत्राने आणि हाताने अंगझडती घेतो. त्या वेळी दोन्ही हात बाजूला पसरून उभे राहायचे असते. स्त्रियांची झडती आडोशामागे महिला जवान घेतात. मोबाइल, किल्ल्या आणि सुटी नाणी आधीच बॅगेत टाकली की चौकट उगाच वाजत नाही. हृदयात पेसमेकर असलेल्याने त्याचे कार्ड दाखवून केवळ हाताने झडती घेण्याची विनंती करावी.

बॅग आणि माणूस वेगवेगळ्या वाटेने जातात, आणि नवख्या प्रवाशाचे नुकसान होते ते याच अंतरात. रांग लांब असताना बॅग आधीच पट्ट्यावर टाकली तर ती पलीकडे पोहोचते आणि मालक अजून अलीकडेच असतो. पाकीट आणि लॅपटॉप असलेली बॅग अशा वेळी कोणीही उचलू शकतो. चौकटीपुढे दोन-तीन माणसे उरली की मगच बॅग सोडावी. सारख्या दिसणाऱ्या काळ्या पाठपिशव्या चुकून बदलतातही, म्हणून एखादी रंगीत दोरी बांधलेली बरी.

यंत्रामागे बसलेला जवान वस्तूंचे आकार आणि रंग पाहतो. पडद्यावर कापड, कागद, अन्न असे सेंद्रिय पदार्थ नारिंगी दिसतात, तर धातू निळे. ज्यातून किरण जात नाहीत ते काळे पडते. डबे, चार्जर आणि वायरी एकावर एक रचल्या की निळ्या-काळ्याचा गठ्ठा होतो, आतले ओळखू येत नाही, आणि बॅग उघडायला सांगितली जाते. तो आरोप नसतो. जवानाने सांगितल्यावर मालकाने स्वतः चेन उघडावी आणि विचारलेली वस्तू बाहेर काढून दाखवावी.

नवी दिल्ली रेल्वे स्थानकावर उतरून राजेंद्रनगरला शिकायला जाणारा साताऱ्याचा विद्यार्थी घेऊ. अजमेरी गेटच्या बाजूला मेट्रोचे स्थानक आहे. पिवळ्या मार्गाने एक स्थानक पुढे राजीव चौक, तिथे निळा मार्ग धरून राजेंद्र प्लेस. मार्ग बदलताना पुन्हा तपासणी नसते, कारण तो फाटकांच्या आतच बदलतो. त्याच्याजवळ चाकांची बॅग, अंथरुणाचे गाठोडे आणि आईने दिलेली विळी आहे. बॅग आणि आतले लाडू-चिवडा सहज जातील. गाठोडे अडू शकते, विळी तर नक्कीच अडेल. तपासणीच्या जागी वस्तू सांभाळून ठेवण्याची सोय नसते, म्हणून त्याला परत फिरून रिक्षा करावी लागेल किंवा विळी सोडावी लागेल. अंथरूण बॅगेत दाबून बसवले आणि विळी घरी ठेवली असती, तर हा प्रश्नच आला नसता.

उसन्या बॅगेबाबत अधिक सावध राहावे लागते. दुसऱ्याच्या बॅगेच्या कप्प्यात राहिलेले एक जिवंत काडतूसही सापडले तर प्रकरण मेट्रो पोलिसांकडे आणि शस्त्रकायद्यापर्यंत जाते. बॅग माझी नाही, हा खुलासा तिथल्या तिथे पुरत नाही. उसनी बॅग भरण्यापूर्वी तिचे सगळे कप्पे उलटे करून झटकावेत.

सकाळी आणि संध्याकाळी कार्यालयीन वेळेत रांगा स्थानकाबाहेर येतात. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या आधीच्या दिवसांत झडती अधिक कडक होते. परीक्षेला किंवा गाडी पकडायला निघणाऱ्याने अशा वेळी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी निघावे.

— काका