जोडाक्षरे: आधी कान, मग हात

आमच्या पाड्यावरच्या शाळेत तिसरीची मुले साधे शब्द वाचतात, पण जोडाक्षर आले की अडतात. म्हणून मी शब्दांची यादी चार पायऱ्यांत केली. पहिलीत तेच अक्षर दोनदा: पक्का, कच्चा, गप्पा. दुसरीत दांडी गाळून जोडायची अक्षरे: पुस्तक, म्हैस. तिसरीत दांडी नसलेली: चिठ्ठी, उड्या. शेवटी 'र'ची रूपे: चक्र, ट्रक, गर्दी, दुसऱ्या.

सर्वांत जास्त चुका रफारात होतात. एका मुलीने 'गर्दी'ऐवजी 'र्गदी' लिहिले. तिच्या कानाने चूक केली नव्हती. 'ग'नंतर लगेच 'र्' ऐकू येतो, म्हणून तिने रफार 'ग'वरच दिला. मी तिला टाळी वाजवत शब्द तोडायला लावला: गर्, दी. मग सांगितले, "र् ज्याला जाऊन धडकतो, त्याच्या डोक्यावर बसतो." आधी 'गदी' लिहायचे आणि रफार सर्वांत शेवटी 'दी'वर द्यायचा.

त्यानंतर ठिपक्यांचा शब्द तिने तीनदा बोटाने, तीनदा पेन्सिलीने गिरवला. प्रत्येक वेळी शब्द मोठ्याने म्हणायचा. नुसते गिरवले तर हात वळतो, वाचन येत नाही. म्हणून शेवटी पाटी झाकून यादीत नसलेला शब्द सांगते. तिला 'वर्दी' सांगितला. तिने थांबून टाळी वाजवली आणि रफार बरोबर जागी दिला. तो चुकला असता, तर पुन्हा टाळीपासून सुरुवात केली असती.