आयईएलटीएसचा स्कोअर शिळा कधी होतो?

माझ्या भाचीने 12 ऑगस्ट 2023 ला पुण्यात आयईएलटीएस दिली. स्कोअर चांगला आला, ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाची सप्टेंबर 2024 ची ऑफरही मिळाली. मग घरात आजारपण निघालं आणि तिने प्रवेश वर्षभर पुढे ढकलला. सल्लागार म्हणाला, "ताई, दोन वर्षं चालतो स्कोअर, काळजी नको." 2025 च्या जूनमध्ये विद्यापीठाची मेल आली: कोर्स 22 सप्टेंबरला सुरू होतोय, त्या दिवशी तुमची परीक्षा दोन वर्षांपेक्षा जुनी असेल, नवा निकाल पाठवा. सहा आठवड्यांनी हुकलं होतं. पुन्हा पूर्ण फी भरावी लागली. पहिल्या वेळी ती सोळा हजारांच्या वर होती, आता 18 हजारांच्या आसपास धरून चाला. आयत्या वेळी तारीख मिळवायची धावपळ झाली ती वेगळीच.

सल्लागार खोटं बोलला नव्हता, त्याने अर्धंच सांगितलं होतं. दोन वर्षं मोजायची ती परीक्षेच्या दिवसापासून. निकाल लागला तो दिवस, टीआरएफ हातात पडला तो दिवस, अर्ज केला तो दिवस, यातलं काहीही धरायचं नाही. टीआरएफ म्हणजे टेस्ट रिपोर्ट फॉर्म, आपण ज्याला सर्टिफिकेट म्हणतो ते. त्यावर परीक्षेची तारीख असते, पण स्कोअर कधीपर्यंत चालेल याची तारीख नसते. दोन वर्षं ही परीक्षा घेणाऱ्यांची शिफारस आहे, आणि ती कुठल्या दिवसापर्यंत मोजायची हे निकाल स्वीकारणारी संस्था ठरवते. कुणी अर्जाचा दिवस धरतं, कुणी कोर्स सुरू होण्याचा. भाचीच्या विद्यापीठाने दुसरा धरला होता, आणि ते ऑफर लेटरच्या अटींमध्ये एका ओळीत लिहिलेलंही होतं. प्रवेश पुढे ढकलायची मेल पाठवण्याआधी ती ओळ वाचायची, एवढंच काम होतं.

विद्यापीठाबाहेरचे हिशेब आणखी वेगळे. कॅनडाच्या एक्सप्रेस एन्ट्रीत स्कोअर प्रोफाइल भरतानाही आणि कायम वास्तव्याचा अर्ज करतानाही दोन वर्षांच्या आतला लागतो. त्यामुळे प्रोफाइल भरून निमंत्रणाची वाट बघत बसलेल्यांचा स्कोअर मधल्या मध्ये संपतो. ऑस्ट्रेलियात कुशल कामगारांच्या व्हिसासाठी तीन वर्षांपर्यंतचा निकाल चालतो. म्हणून "माझ्या मावसभावाचा चालला होता" या वाक्यावर विसंबू नका. त्याचा व्हिसा कुठला होता, ते आधी विचारा.

संपलेला स्कोअर थोडक्यात जिवंत करता येत नाही. आयईएलटीएसमध्ये एकच भाग पुन्हा देण्याची सोय आहे, पण ती मूळ परीक्षेपासून 60 दिवसांच्या आत आणि कॉम्प्युटरवर दिलेल्या परीक्षेलाच. भाचीला तिचा उपयोग नव्हता. एक वाट मात्र पैसे भरण्याआधी बघून घ्यावी: ब्रिटनमधली काही विद्यापीठं पदवीच्या प्रवेशाला बारावीच्या इंग्रजीचे गुण धरतात. आपलं राज्य मंडळ त्यात आहे का आणि किती गुण लागतात, हे प्रवेश विभागाकडून लेखी घ्या.

आता दुसरी अडचण: विद्यापीठ तुमच्या पीडीएफवर विश्वास ठेवत नाही. ठेवूही नये, कारण फोटोशॉपमध्ये साडेसहाचा साडेसात करायला पाच मिनिटं लागतात. आयईएलटीएसच्या बाबतीत टीआरएफवर अक्षरं आणि आकड्यांचा एक लांबलचक क्रमांक असतो. संस्थेकडे पडताळणीच्या ऑनलाइन सेवेचं खातं असतं. तिथला कर्मचारी तो क्रमांक टाकतो आणि समोर उमेदवाराची माहिती, फोटो आणि गुण येतात, ते फॉर्मशी ताडून बघतो. याचे पैसे ना संस्थेला पडतात ना तुम्हाला. शिवाय परीक्षा केंद्रामार्फत पाच संस्थांपर्यंत निकाल थेट फुकट पाठवता येतो, त्यापुढे केंद्र पैसे घेतं. "परीक्षा न देता सर्टिफिकेट" विकणारे ज्या कागदाचे लाखभर रुपये मागतात, तो याच क्रमांकापाशी उघडा पडतो. ते "सिस्टिममध्ये नोंद करून देतो" असंही सांगतात, आणि ती थाप आहे.

खर्चाचा खरा फरक टोफेलमध्ये दिसतो. ती घेणारी ईटीएस ही अमेरिकन संस्था स्वतः विद्यापीठाला निकाल पाठवते आणि बहुतेक अमेरिकी विद्यापीठांना तोच अधिकृत वाटतो. चार विद्यापीठं फुकट, पण ती परीक्षेच्या आदल्या दिवशी रात्री दहापर्यंत निवडायची. त्यानंतर प्रत्येक विद्यापीठाला साधारण 25 डॉलर, म्हणजे दोन हजारांच्या वर. समजा सहा ठिकाणी अर्ज आहे. चार वेळेत निवडली तर उरलेल्या दोनांचे 50 डॉलर. "आधी स्कोअर बघू, मग ठरवू" म्हणत थांबलात तर सहांचे 150 डॉलर, म्हणजे जवळपास 13 हजार रुपये. स्कोअर बघण्याची ही किंमत मला तरी जास्त वाटते. ज्यांची नावं नक्की आहेत ती तरी टाकून ठेवावीत.

विद्यापीठ निवडताना त्याचा ईटीएसचा कोड लागतो. सारख्या नावाची विद्यापीठं असतात, तेव्हा कोड विद्यापीठाच्या प्रवेशाच्या पानावरून उचला, गूगलच्या पहिल्या उत्तरावरून नको. चुकीच्या ठिकाणी गेलेल्या निकालाचे पैसे परत येत नाहीत. आणि दोन वर्षं उलटली की ईटीएस तो निकाल कुणालाच पाठवत नाही. विद्यापीठ समजूतदार असलं तरी तिथे इलाज नसतो.

पीटीई अकॅडमिकमध्ये हा जाच कमी आहे. स्वतःच्या खात्यातून हव्या तितक्या संस्थांना निकाल फुकट पाठवता येतो. मात्र पाठवला की परत घेता येत नाही, म्हणून संस्थेचं नाव आणि शहर दोनदा वाचून मगच बटण दाबा.

निकाल पोहोचला का, हे परीक्षा घेणाऱ्यांकडून "पाठवला" अशी मेल आली म्हणून ठरत नाही. विद्यापीठाच्या पोर्टलवर इंग्रजीच्या अटीपुढे "मिळाला" किंवा "पूर्ण" असं दिसायला हवं. ते दिसत नसेल तर बहुतेक वेळा निकाल पोहोचलेला असतो, पण तुमच्या अर्जाला जोडलेला नसतो. परीक्षेला पासपोर्टवरचं पूर्ण नाव, अर्जात वडिलांचं नाव वगळलेलं, किंवा मध्ये पासपोर्ट नवा काढल्याने क्रमांक बदललेला. मराठी नावांत हा घोळ नेहमीचा आहे, कारण मधलं नाव कुठे पहिल्या नावाला चिकटतं, कुठे गायब होतं. अशा वेळी पुन्हा पैसे भरून निकाल पाठवू नका. अर्जाचा क्रमांक, जन्मतारीख, परीक्षेची तारीख आणि टीआरएफचा किंवा नोंदणीचा क्रमांक एका मेलमध्ये लिहा, जुन्या-नव्या पासपोर्टची प्रत जोडा आणि प्रवेश विभागाला पाठवा. भाचीचा दुसरा निकालही असाच दहा दिवस अडकला होता. नवा पासपोर्ट तिने त्याच वर्षी काढला होता. मेल गेल्यावर तिसऱ्या दिवशी ऑफरवरची अट निघाली.