मोडीत घातलेले सोने आणि भांडवली नफ्यावरील कर

गिरगावातील फणसवाडीतून झवेरी बाजारात चालत जाता येते. मुलांचे शिक्षण, घरदुरुस्ती, आजारपण अशा प्रसंगी चाळीतील कुटुंबे कपाटातील जुने दागिने तेथे मोडीत घालतात. सराफ वजन करतो, कस पाहतो, घट वजा करतो आणि रक्कम देतो. व्यवहार तेथेच संपला, अशी सर्वसामान्य समजूत असते. आयकराच्या दृष्टीने मात्र तो तेथून सुरू होतो.

घरातील भांडीकुंडी, कपडे, फर्निचर या वैयक्तिक वापराच्या वस्तू विकल्या तर त्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. दागिने अंगावर घालण्याचे असले तरी त्यांना ही सूट नाही. १९७२ च्या वित्त अधिनियमाने ते या सवलतीतून वगळले आणि तेव्हापासून ते भांडवली मालमत्तेत मोडतात. कर मिळालेल्या संपूर्ण रकमेवर नसून तीतून खरेदीचा खर्च वजा जाता उरलेल्या नफ्यावर आहे. म्हणून प्रत्येक दागिन्याबाबत दोन प्रश्न विचारावे लागतात : तो किती काळ बाळगला आणि तो किती खर्चात मिळाला?

मुदतीचा प्रश्न

२३ जुलै २०२४ रोजी किंवा त्यानंतर झालेल्या विक्रीसाठी नियम असा की, दागिना २४ महिन्यांहून अधिक काळ बाळगलेला असेल तर नफा दीर्घ मुदतीचा ठरतो व त्यावर साडेबारा टक्के दराने कर बसतो. मुदत त्याहून कमी असेल तर नफा अल्प मुदतीचा होय. तो त्या वर्षाच्या इतर उत्पन्नात मिळविला जातो व नेहमीच्या टप्प्यांनुसार त्यावर कर आकारला जातो. या तारखेपूर्वी मर्यादा ३६ महिन्यांची व दर वीस टक्के होता. मात्र महागाई निर्देशांकानुसार खरेदीची किंमत वाढवून घेता येत असे. सोन्याच्या बाबतीत ही वाढ आता मिळत नाही. जुन्या पुस्तिकांवरून हिशेब करणाऱ्यांची चूक बहुधा येथेच होते.

वारशाने आलेला दागिना

खरी गुंतागुंत वारशाच्या सोन्यात आहे. उदाहरणादाखल फणसवाडीतील एक निवृत्त शिक्षिका घेऊ. त्यांनी जून २०२५ मध्ये तीन दागिने विकले. हिशेब सोपा जावा म्हणून २२ कॅरेट सोन्याचा भाव ग्रॅमला ९,००० रुपये धरला आहे.

पहिल्या दागिन्यात सासूबाईंच्या ४० ग्रॅमच्या पाटल्या. त्या १९६५ च्या सुमारास घडविलेल्या, पावती नाही. सासूबाईंच्या मृत्युपत्रानुसार त्या ऑगस्ट २०२४ मध्ये शिक्षिकेकडे आल्या. विक्रीचे ३,६०,००० रुपये मिळाले. पाटल्या हाती येऊन वर्षही झाले नाही, म्हणून नफा अल्प मुदतीचा, आणि त्या वेळच्या भावाने त्यांची किंमत सुमारे २,६०,००० रुपये, म्हणून नफा एक लाख, असा हिशेब अनेक जण मांडतील. तो दोन्ही अंगांनी चुकीचा आहे.

वारसा, मृत्युपत्र किंवा भेट म्हणून आलेल्या मालमत्तेसाठी कायदा वारसदाराच्या तारखेकडे पाहत नाही. पूर्वीच्या मालकाने ती बाळगली तो काळही वारसदाराच्या काळात मिळविला जातो, आणि पूर्वीच्या मालकाला पडलेला खर्च हाच वारसदाराचा खर्च ठरतो. म्हणून पाटल्यांवरील नफा दीर्घ मुदतीचा आहे. खर्चासाठी मात्र १९६५ च्या किमतीचाच आधार घ्यावा लागत नाही. मालमत्ता १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल तर त्या दिवशीचे रास्त बाजारमूल्य खर्च म्हणून धरता येते. शासनाकडे नोंदणी असलेल्या सुवर्ण मूल्यांकनकाराने वजन व कस पाहून दिलेला दाखला त्यासाठी घ्यावा. त्याने ग्रॅमला ४०० रुपये ठरविले असे धरल्यास खर्च १६,००० रुपये व नफा ३,४४,००० रुपये होतो. पाटल्या विकून वितळविल्यानंतर वजन व कस तपासता येत नाही. म्हणून दाखला विक्रीपूर्वी घेणे इष्ट.

पावती असलेले दागिने

दुसरा दागिना २० ग्रॅमचा गोफ. २०१६ मध्ये तो ६२,००० रुपयांस घेतला होता. या रकमेत सोने, घडणावळ आणि कर हे सर्व आले. सराफ मोड घेताना घडणावळीचे पैसे देत नाही हे खरे. परंतु ती दागिना मिळविण्यासाठीच दिलेली असल्याने खर्चात धरली जाते. विक्री १,८०,००० रुपये, नफा १,१८,००० रुपये, तोही दीर्घ मुदतीचा.

तिसरा दागिना १० ग्रॅमची साखळी, एप्रिल २०२४ मध्ये घेतलेली. सोने ६५,०००, घडणावळ ५,००० आणि वस्तू व सेवा कर २,१०० मिळून ७२,१०० रुपये. विक्री ९०,००० रुपये, नफा १७,९०० रुपये. चौदाच महिने झाल्याने हा नफा अल्प मुदतीचा.

२००१ नंतर घेतलेल्या दागिन्याची पावती हरवली असेल तर २००१ च्या मूल्याचा आधार मिळत नाही. अशा वेळी बँकेतील नोंद किंवा सराफाच्या वहीतील उतारा शोधावा लागतो.

कर किती?

शिक्षिकेचे निवृत्तिवेतन, वजावटी जाता, तीन लाख रुपये धरू. त्यात साखळीवरील नफा मिळविता ३,१७,९०० रुपये होतात. २०२५-२६ या वर्षी नव्या करपद्धतीत चार लाख रुपयांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त होते. म्हणजे ८२,१०० रुपयांची मर्यादा शिल्लक राहिली. भारतातील रहिवाशाला ती दीर्घ मुदतीच्या नफ्यातून वजा करता येते. दोन दागिन्यांवरील एकूण दीर्घ मुदतीचा नफा ४,६२,००० रुपये; त्यातून ८२,१०० गेल्यावर ३,७९,९०० रुपये उरतात. त्यावर साडेबारा टक्के दराने ४७,४८७ रुपये ५० पैसे आणि चार टक्के उपकर धरून कर सुमारे ४९,३९० रुपये होतो.

येथे आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. बारा लाखांपर्यंत कर नाही, हे वाक्य लोकांच्या कानी पडले आहे. ती सूट नेहमीच्या टप्प्यांनुसार बसणाऱ्या कराला आहे. साडेबारा टक्क्यांच्या खास दराने बसणाऱ्या कराला नाही. म्हणून एकूण उत्पन्न बारा लाखांहून कमी असूनही या शिक्षिकेस कर भरावा लागतो.

रोख न घेता बदली घेतल्यास

जुने देऊन नवे घेतले, हाती पैसे आलेच नाहीत, म्हणून कर नाही, असेही म्हटले जाते. अदलाबदल हेही हस्तांतरणच होय. सराफाने बिलात जुन्या सोन्यापोटी जी रक्कम वजा दाखविली ती विक्रीची किंमत समजली जाते. नव्या दागिन्याची पूर्ण किंमत हा त्याचा खर्च ठरतो आणि त्याची मुदत बिलाच्या तारखेपासून नव्याने मोजली जाते. म्हणून बिलावर जुन्या सोन्याचे वजन, कस, भाव व रक्कम वेगळी लिहून घ्यावी. एकाच वेळी अनेक दागिने मोडले असतील तर प्रत्येकाची नोंद स्वतंत्र हवी. सर्वांची एकत्र रक्कम लिहिली गेल्यास कोणत्या दागिन्याची मुदत कोणती व खर्च कोणता, हे नंतर वेगळे काढता येत नाही.