‘उद्या ७ वाजता मीटिंग’ म्हणजे नेमके कधी?

प्रश्न : भातकुलीतल्या आमच्या शेतकरी गटाची ऑनलाइन बैठक ठेवली, तर काही जण दुसऱ्या दिवशी लिंक उघडून बसले. निरोप कसा लिहावा?

उत्तर : घोळ ‘उद्या’ने केला. व्हॉट्सॲपवरचा निरोप वावरातून परतल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी वाचला जातो, पुढेही पाठवला जातो. मग वाचणाऱ्याचा ‘उद्या’ वेगळा होतो. म्हणून तारीख, वार आणि सकाळ-संध्याकाळ तिन्ही लिहा. तारीख चुकली तर वार जुळत नाही, म्हणून चूक लगेच दिसते.

‘महत्त्वाची चर्चा’ हा उद्देश नव्हे. काय ठरवायचे तेच पहिल्या ओळीत सांगा :

सोयाबीन बियाणे एकत्र घ्यायचे का, हे ठरवण्यासाठी बैठक
शुक्रवार, १२ जून २०२६, संध्याकाळी ७ ते ७:४५
विषय : दरपत्रके (१५ मिनिटे), प्रत्येकाची मागणी (२०), निर्णय (१०)
येताना : किती पिशव्या हव्यात तो आकडा
लिंक :
meet.google.com/abc-defg-hij

लिंक स्वतंत्र ओळीवर, पुढे पूर्णविराम न देता टाका. चिकटलेल्या चिन्हाने ती कधी कधी उघडत नाही. संपण्याची वेळही हवीच, कारण मोफत गूगल मीटवर तीन किंवा अधिक जणांची बैठक ६० मिनिटांत बंद होते. वेळ बदलली तर नुसते ‘८ वाजता’ न लिहिता पूर्ण निरोप ‘बदललेली वेळ’ या शीर्षकाने पुन्हा पाठवा आणि जुना सर्वांसाठी डिलीट करा.