ग्रॅच्युइटीचं पत्र: दोन तारखा, एक पगार, एकच मागणी

नोकरी सोडल्यावर पीएफ मिळतो, शिल्लक रजेचे पैसे मिळतात, ग्रॅच्युइटी मात्र ‘प्रोसेसमध्ये’ अडकून राहते. माझं तेच झालं. भोसरीतल्या एका कारखान्यात मी स्टोअर्स विभागात होते. ३१ मार्च २०२३ हा माझा कामाचा शेवटचा दिवस. मे महिन्यात फुल अँड फायनलचा कागद हातात आला, तर त्यात ग्रॅच्युइटीपुढे आकडाच नव्हता, ‘स्वतंत्रपणे’ एवढा एकच शब्द होता. फोन केला की एचआरमधून ठरलेलं उत्तर यायचं, “मॅडम, फाइल एलआयसीकडे गेलीय, आली की कळवतो.”

बऱ्याच कंपन्या ग्रॅच्युइटीसाठी एलआयसीची गट योजना घेतात, त्यामुळे हे उत्तर खरं वाटतं आणि माणूस गप्प बसतो. पण तो व्यवहार कंपनी आणि एलआयसी यांच्यातला आहे. १९७२च्या ग्रॅच्युइटी कायद्याच्या कलम ७ नुसार रक्कम ठरवायची आणि ती देय झाल्यापासून ३० दिवसांत हातात द्यायची जबाबदारी मालकाची आहे. कर्मचाऱ्याने अर्ज केला नसला तरी हिशेब करून कळवणं त्यालाच बंधनकारक आहे. एलआयसीकडून पैसे यायला उशीर झाला, या कारणाने ही मुदत पुढे सरकत नाही.

माझा मावसभाऊ चाकणच्या एका कारखान्यात पगारपत्रकं करतो. त्याला मी पत्राचा कच्चा मसुदा वाचायला दिला. दीड पानी होता. मी किती वर्षं राबले, कोविडच्या काळातही स्टोअर्स कसं उघडं ठेवलं, साहेबांनी निरोपाच्या दिवशी काय शब्द दिला होता, सगळं त्यात होतं. शेवटी ‘तरी कृपया लवकरात लवकर सहकार्य करावे ही विनंती’. त्याने वाचलं आणि विचारलं, “ताई, हे पत्र माझ्या टेबलावर आलं तर मी काय करू? यात जॉइनिंगची तारीख नाही, बेसिक नाही. ‘सुमारे अकरा वर्षे’ म्हणजे किती? मला तुझी फाइल शोधावी लागणार, आणि फाइल शोधायची म्हटली की पत्र खाली जातं.”

हे मला फार पटलं. ज्याने हिशेब करायचा आहे त्याला दुसरा कागद न उघडता तो करता आला पाहिजे, आणि उलट प्रश्न विचारून आठवडाभर ढकलायला त्याच्याकडे काही उरता कामा नये. त्याच कसोटीवर आम्ही पत्र पुन्हा लिहायला घेतलं.

पहिली गोष्ट रुजू होण्याची तारीख. मी १६ जुलै २०१२ ला कामाला लागले. सहा महिने प्रोबेशन होतं, कायम झाल्याचं पत्र १६ जानेवारी २०१३ चं. कंपनीच्या रेकॉर्डमध्ये कधी कधी ही दुसरी तारीखच ‘सेवा सुरू’ म्हणून चढलेली असते. कायद्याला सलग सेवा पाहायची असते, त्यात प्रोबेशनचा काळ धरला जातो. फरक केवढा पडतो बघा. १६ जुलै २०१२ ते ३१ मार्च २०२३ म्हणजे १० वर्षं ८ महिने आणि काही दिवस. शेवटच्या अपुऱ्या वर्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ भरला असेल तर ते पूर्ण वर्ष धरतात, म्हणून माझी ११ वर्षं होतात. जानेवारी २०१३ पासून मोजलं तर १० वर्षं अडीच महिने, म्हणजे १० वर्षंच. एक अख्खं वर्ष गेलं. म्हणून नेमणूकपत्राची प्रत जोडायची आणि तारीख त्यातलीच लिहायची. नेमणूकपत्र सापडत नसेल तर पहिल्या महिन्याची पगाराची स्लिप किंवा पीएफच्या पोर्टलवरची सेवेची नोंद काढून ठेवावी.

दुसऱ्या टोकाला लोक फक्त राजीनाम्याची तारीख लिहितात. माझा राजीनामा २८ फेब्रुवारीचा, नोटीस पिरियड धरून कार्यमुक्ती ३१ मार्चची. सेवा मोजायची ती कार्यमुक्तीपर्यंत आणि ३० दिवसांची मुदतही तिथूनच सुरू होते. तरीही राजीनाम्याची तारीख पत्रात हवीच, कारण तिच्यावरून नोटीस पूर्ण भरल्याचं दिसतं आणि नोकरी कशी संपली हे स्पष्ट होतं. ग्रॅच्युइटी जप्त करायची कारणं कायद्याने मोजकीच ठेवली आहेत आणि ती गैरवर्तनामुळे कामावरून काढलेल्यांना लागू होतात. राजीनामा देऊन, नो ड्यूज घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला ती लागू होत नाहीत. म्हणून दोन्ही तारखा एकाच वाक्यात, आणि सोबत रिलीव्हिंग लेटर.

सगळ्यात जास्त घोळ ‘शेवटचा पगार’ या शब्दांवर होतो. मसुद्यात मी बँकेत जमा व्हायची ती रक्कम लिहिली होती. पण या कायद्यात पगार म्हणजे बेसिक आणि महागाई भत्ता. घरभाडे भत्ता, बोनस, ओव्हरटाइम त्यात येत नाहीत. माझ्या मार्च २०२३ च्या स्लिपवर बेसिक २८,६०० आणि महागाई भत्ता २,६००, म्हणजे ३१,२०० रुपये होते. याला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं आणि वर्षांनी गुणायचं. ३० ने भागायचं नाही. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरायचे, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. दिवसाचे १,२०० झाले, पंधरा दिवसांचे १८,०००, आणि ११ वर्षांचे १,९८,०००. भाऊ म्हणाला, “हा हिशेब पत्रातच मांड. आकडा समोर असला की त्याला नाही म्हणायलासुद्धा आकडाच द्यावा लागतो.”

ऑगस्टमध्ये गेलेलं पत्र शेवटी असं झालं:

‘विषय: ग्रॅच्युइटीची प्रलंबित रक्कम व त्यावरील व्याज मिळण्याबाबत.

मी आपल्या कंपनीत दि. १६/०७/२०१२ रोजी स्टोअर्स विभागात रुजू झाले. दि. २८/०२/२०२३ रोजी राजीनामा दिला व नोटीस कालावधी पूर्ण करून दि. ३१/०३/२०२३ रोजी कार्यमुक्त झाले. माझी सलग सेवा १० वर्षे ८ महिन्यांहून अधिक, म्हणजे ग्रॅच्युइटीसाठी ११ वर्षे आहे. अखेरचे मूळ वेतन रु. २८,६०० व महागाई भत्ता रु. २,६००, एकूण रु. ३१,२००. त्यानुसार देय रक्कम ३१,२०० ÷ २६ × १५ × ११ = रु. १,९८,०००.

ही रक्कम दि. ३०/०४/२०२३ पर्यंत मिळणे आवश्यक होते. ती अद्याप मिळालेली नाही. सोबत फॉर्म आय व कागदपत्रे जोडली आहेत. रक्कम व्याजासह केव्हा जमा होईल ते १५ दिवसांत लेखी कळवावे. वरील तारखा वा आकडे आपल्या नोंदींशी जुळत नसतील, तर नेमका फरक कळवावा.’

खाली सही, कर्मचारी क्रमांक, बँकेचा तपशील. एवढंच. शेवटचं वाक्य भावाने मुद्दाम घातलं. ‘तपासून कळवतो’ म्हणायची वाट त्यामुळे बंद होते. फरक असेल तर तो दाखवावा लागतो. आणि १५ दिवस आम्ही मनाने ठरवले नव्हते. फॉर्म आय म्हणजे नियमांतला ठरीव अर्ज. तो मिळाल्यावर मालकाने १५ दिवसांत एक तर रक्कम मान्य करून फॉर्म एल द्यायचा, नाही तर कारणासह नकाराचा फॉर्म एम. नुसत्या ईमेलला ही मुदत लागतेच असं कोणी मानत नाही, म्हणून अर्ज जोडणं महत्त्वाचं. तो साधारणपणे ३० दिवसांत द्यायचा असतो, पण उशिरा दिला म्हणून हक्क जात नाही. माझा तर चार महिन्यांनी गेला. ईमेल स्वतःच्या खासगी पत्त्यावरून केली आणि तोच संच पोचपावतीसह टपालाने पाठवला.

सप्टेंबरमध्ये उत्तर आलं, सोबत हिशेबाचा तक्ता. त्यात सेवा १० वर्षं, पगार २८,६००, रक्कम १,६५,०००. म्हणजे कायम झाल्याची तारीख धरली होती आणि महागाई भत्ता सोडला होता. ३३ हजार रुपयांचा फरक होता. पत्रात तारखा आणि आकडे सुटे सुटे लिहिलेले असल्याने उत्तराला दोनच ओळी पुरल्या: नेमणूकपत्राप्रमाणे रुजू तारीख ही, मार्चच्या स्लिपप्रमाणे भत्ता हा. तक्ता दुरुस्त झाला, डिसेंबरअखेर १,९८,००० जमा झाले.

व्याज मात्र नाही. ‘कंपनीच्या धोरणात तरतूद नाही’ असं कळवलं. ३० दिवसांत रक्कम दिली नाही तर साधं व्याज द्यावं लागतं. केंद्र सरकारने अधिसूचित केलेला दर वर्षाला १० टक्के आहे. ते मोजायचं रक्कम देय झाल्या दिवसापासून, तिसावा दिवस उलटल्यापासून नव्हे. चूक कर्मचाऱ्याची असेल आणि त्या कारणाने मालकाने नियंत्रण प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी घेतली असेल, तरच त्यातून सुटका. माझ्या रकमेवर महिन्याला १,६५० रुपये, नऊ महिन्यांचे १४,८५०. हा हिशेब पाठवताना मी प्राधिकाऱ्याकडे करायचा अर्ज, म्हणजे फॉर्म एन, भरून त्याची प्रत सोबत लावली. धमकीचा एकही शब्द नव्हता. तो अर्ज कारण घडल्यापासून ९० दिवसांत करायचा असतो. उशिराचं सबळ कारण असेल तर नंतरही घेतात. कंपनीच्या शाखा एकापेक्षा जास्त राज्यांत असतील तर प्रकरण केंद्राच्या कामगार आयुक्तालयाकडे जातं, नाही तर राज्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे. हे आधी पाहून ठेवावं, चुकीच्या दारात महिने जातात. फेब्रुवारीत व्याज जमा झालं.

ज्यांची नोकरी २१ नोव्हेंबर २०२५ नंतर सुटली आहे त्यांनी माझं पत्र जसंच्या तसं उतरवू नये. त्या दिवसापासून २०२०ची सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, तेव्हा पत्रात उल्लेख तिचा हवा. ३० दिवसांची मुदत आणि उशिरावरचं व्याज तिथेही आहे, पण ‘वेतन’ची व्याख्या बदलली आहे: वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनात धरायचा. बेसिक मुद्दाम कमी ठेवलेल्या स्लिपवर त्यामुळे रक्कम वाढू शकते. ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना तर पाच वर्षांची अटही राहिलेली नाही, एक वर्ष पुरतं. तेव्हा आधी कार्यमुक्तीची तारीख बघायची, मग कायद्याचं नाव लिहायचं, आणि मगच स्लिप समोर घेऊन भागाकाराला बसायचं.