पंचवीस चोक शंभर: पहिल्या चाचण्यांचे टक्के काढताना

काय करावे

• आधी उत्तरपत्रिकेवर 'पूर्णांक' शोधा. जबलपूरच्या हिंदी शाळांत तो शब्द एकूण गुणांसाठी वापरतात, आपल्या गणितातल्या पूर्णांकाशी त्याचा संबंध नाही. मुलाला मिळालेले गुण 'प्राप्तांक' या शब्दापुढे असतात.

• चाचणी २५ गुणांची असेल तर मिळालेल्या गुणांना ४ने गुणा. पंचवीस चोक शंभर, म्हणून २१ गुणांचे ८४ टक्के आणि साडेअठराचे ७४.

• २० गुणांच्या चाचणीला ५ने गुणा, ४०च्या चाचणीला अडीचपट करा.

• १५, ३०, ३५ असे अडनिडे आकडे आले की गुणांना आधी १००ने गुणा, मग एकूण गुणांनी भागा. ३०पैकी २३ असतील तर २३०० भागिले ३०, म्हणजे ७६.६७.

• तोंडी आणि लेखी एकत्र करताना गुणांत गुण मिळवा, एकूणांत एकूण मिळवा, टक्के शेवटी काढा. तोंडीत १०पैकी ९ आणि लेखीत ४०पैकी २४ असतील तर ५०पैकी ३३ झाले, म्हणजे ६६ टक्के.

• उत्तर निम्म्याशी ताडून पाहा. २५चे निम्मे साडेबारा, त्याहून गुण जास्त असतील तर टक्के ५०च्या वरच यायला हवेत.

• टक्क्यांशेजारी मूळ गुणही लिहून ठेवा, पुढच्या चाचणीला तेच लागतात.

काय टाळावे

• टक्क्यांची सरासरी काढू नका. वरच्याच उदाहरणात ९० आणि ६० यांची सरासरी ७५ येते, खरे टक्के ६६च आहेत. दहा गुणांची तोंडी परीक्षा चाळीसच्या लेखीइतकी जड धरली गेली.

• ३०च्या चाचणीला ३.३ने गुणू नका, पैकीच्या पैकी मिळवणाऱ्यालाही ९९च मिळतील.

• भागाकार उलटा करू नका. उत्तर १००च्या वर गेले की एकूण गुणांना मिळालेल्या गुणांनी भागले आहे, हे ओळखा.

• ८८वरून ८४ला 'घसरण' म्हणू नका. २५च्या चाचणीत एक गुण म्हणजेच ४ टक्के, आणि तो एक गुण एखाद्या चुकलेल्या वेलांटीचाही असू शकतो.

• ताप आल्याने बुडालेल्या चाचणीला घरच्या हिशेबात शून्य धरू नका, तिचे एकूण गुणही बेरजेतून काढा. प्रगतिपुस्तकात मात्र शाळेचाच नियम चालेल.

• टक्के अक्षरी लिहू नका, आकड्यांत लिहा. घरी 'एकोणऐंशी' आणि शाळेत 'उन्यासी' ऐकणारे मूल त्यात अडखळते.

• पहिलीतल्या मुलाला टक्के सांगू नका, त्याला शंभरातला हिस्सा अजून कळत नाही. 'पंचवीसपैकी एकवीस आले' एवढेच सांगा आणि राहिलेले चार गुण कुठे गेले ते उत्तरपत्रिकेवर बोट ठेवून दाखवा.